३७ नोंदी

अंतर्गत समितीकडे २२ फेब्रुवारीला जे आलं, त्याला तक्रार म्हणणं कठीण होतं. दीडशे पानी वहीतल्या काही पानांच्या झेरॉक्स होत्या, आणि वर चार ओळींचं पत्र: 'सोबत जुलैपासूनच्या नोंदी जोडल्या आहेत. कृपया वाचून योग्य ती कारवाई व्हावी.' कोणाविरुद्ध, कशाबद्दल, काय हवं आहे, यातलं एकही पत्रात नव्हतं. नोंदी मोजल्या तर ३७ भरल्या.

मी त्या समितीवर बाह्य सदस्य होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक समितीवर कंपनीबाहेरची एक व्यक्ती असावी लागते, स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. त्याच कायद्याचं सोळावं कलम प्रकरणातल्या माणसांची ओळख उघड करायला मनाई करतं. ओळख न देता न्याय कसा मिळाला हे सांगायला हरकत नसते. म्हणून इथली नावं, तारखा आणि काही तपशील बदलले आहेत. मुलीला मेघना म्हणते. बाकी सगळे त्यांच्या हुद्द्यानेच येतील.

मेघना मेकॅनिकलची इंजिनिअर. पुण्याच्या बाजूला एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात २ जुलैला ट्रेनी म्हणून क्वालिटीत लागली. तिच्याबरोबर आणखी दोन ट्रेनी होते, दोघेही मुलगे. सहा महिने प्रोबेशन, मग कन्फर्मेशन, आणि तो शेरा लिहिणार विभागप्रमुख. तक्रार होती ती त्यांच्याबद्दल.

वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी वाचताना समितीतल्या एक बाई मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे तर आमच्याकडे रोजचंच आहे." त्यांचं खोटं नव्हतं. नमुन्यादाखल दोन नोंदी देते.

'१४ जुलै. रिव्ह्यू मीटिंग. सर म्हणाले, मॅडम, जरा चहाचं बघता का. मी ट्रेनींत एकटीच मुलगी. चहा सांगून येईपर्यंत रिजेक्शनचा मुद्दा होऊन गेला.'

'२३ जुलै. व्हर्निअरचा झिरो न बघता दहा नग मोजले. सर लाइनवर ओरडले. बरोबरच होतं. पण नंतर म्हणाले, मुलींना गेज धरायला शिकवून उपयोग नाही, दोन वर्षांत लग्न करून जाणार. हे बरोबर नव्हतं.'

या दुसऱ्या नोंदीवर मी पेन्सिलने खूण केली होती. स्वतःची चूक जिथल्या तिथे कबूल करणारी वही नंतर कोणाला अडकवायला लिहिलेली असण्याचा संभव कमी असतो. पुढे ८ ऑगस्टची नोंद होती: ग्राहक कंपनीचा माणूस फोनवर मेघनावर घसरला, तेव्हा याच विभागप्रमुखांनी फोन स्वतःकडे घेऊन तिची बाजू सावरली. 'आज सरांनी वाचवलं,' एवढंच लिहिलं होतं. प्रतिवादीच्या बाजूचीही नोंद वहीत सापडते, तेव्हा बाकीच्या नोंदींचं वजन वाढतं.

समितीकडे येण्याआधी हे कागद आठवडाभर एचआरच्या ड्रॉवरमध्ये होते, हेही सांगायला हवं. एचआर मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याचा पहिला विचार असा की आधी दोघांना बसवून बोलू, मिटतंय का बघू. कायद्यात समेटाची सोय आहे, पण तो बाईने स्वतः मागितला तरच, समितीमार्फत, आणि पैशांच्या देवघेवीवर कधीच नाही. एचआरने आपणहून चहावर बोलावून 'सर तसे नाहीत हो' सांगणं म्हणजे समेट नव्हे. मेघना त्या चहाला गेली नाही आणि तिने समितीच्या अध्यक्षांना थेट मेल केला. २२ फेब्रुवारी ही तारीख त्या मेलची.

कायदा म्हणतो की लेखी तक्रार करणं बाईला जमत नसेल तर समितीने मदत केली पाहिजे. आम्ही तिला बोलावलं आणि म्हटलं, वही बाजूला ठेव, आधी तोंडी सांग. तासाभराने आम्ही तिला एकच गोष्ट करायला सांगितली: तक्रार स्वतंत्र कागदावर लिही, आणि वहीतल्या ज्या नोंदींवर ती उभी आहे तेवढ्याच जोड.

यामागे एक व्यावहारिक कारण होतं, जे डायरी लिहिणाऱ्या फारच थोड्या मुलींना माहीत असतं. तक्रारीची प्रत आणि जोडलेले कागद सात कामकाजी दिवसांत समोरच्याला पाठवावे लागतात. तो त्यावर दहा कामकाजी दिवसांत उत्तर देतो. म्हणजे वहीचं जे पान तुम्ही जोडलं, ते तुमच्या साहेबांच्या टेबलावर जाणार. मेघनाच्या ३७ नोंदींत एके ठिकाणी आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट होता, एके ठिकाणी 'रविवारी बघायला येणार आहेत, सुट्टी मागायची लाज वाटते' असं होतं. ते त्याला वाचायला मिळालं असतं. नशिबाने प्रत अजून गेलेली नव्हती.

विभागप्रमुखांनी पुढे पूर्ण वहीची मागणी केलीच. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं: निवडक पानं दाखवून चित्र हवं तसं रंगवता येतं. आम्ही असं केलं की अध्यक्षांनी आणि मी मूळ वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली, पान फाडलेलं नाही, मध्ये जागा सोडलेली नाही, शाई आणि पेन बदलत गेलेत, याची लेखी नोंद केली, खासगी पानं पाकिटात बंद केली, आणि निष्कर्ष ज्या पानांवर काढणार त्यांचीच प्रत दोघांना दिली. जे आपण निकालात वापरणार ते समोरच्याला दाखवायचंच, आणि जे दाखवणार नाही ते वापरायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की ही वाट सुरक्षित आहे.

आता मुख्य काम: निवड. किरकोळ अपमानांच्या ढिगातून या कायद्याच्या कक्षेत काय येतं? नुसता उद्धटपणा, पाणउतारा, श्रेय लाटणं, चहा सांगायला लावणं यांच्यासाठी खासगी नोकरीत आपल्याकडे वेगळा कायदा नाही. ही समिती फक्त लैंगिक स्वरूपाच्या नकोशा वागणुकीसाठी असते: स्पर्श, मागणी, लैंगिक रोखाची शेरेबाजी, अश्लील काही दाखवणं, आणि त्या जातीचं इतर कोणतंही बोलणं-वागणं. पण कायद्याचं तिसरं कलम एक महत्त्वाची भर घालतं. अशा वागणुकीशी जोडून नोकरीत फायद्याचं आमिष, तोट्याची धमकी, कामात आडकाठी किंवा अपमानास्पद वातावरण आलं, तर तेही छळातच धरता येतं. म्हणजे मीटिंगमधून वगळणं ही गोष्ट एकटी आमच्या कक्षेत येत नाही. ती कशाच्या मागून आली यावर ठरतं.

आम्ही ३७ नोंदी कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून टेबलावर तारखेने मांडल्या. जुलै-ऑगस्टच्या पट्ट्या एका जातीच्या होत्या: चहा, लग्न, 'मुलींना जमत नाही'. सगळ्या ट्रेनींना थोडंफार बोलणं खावं लागत होतं, मेघनाला जरा जास्त. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पट्ट्यांचा रंगच बदलत होता. 'मीटिंगला बोलावलं नाही.' 'माझा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावाने गेला.' 'ट्रेनिंगच्या यादीत दोघं आहेत, मी नाही.' आणि या बदलाच्या बरोबर आधी ही नोंद होती:

'५ सप्टेंबर. ऑडिट संपलं, नॉन-कन्फॉर्मिटी एकच. सर खूश. म्हणाले, बाहेर जेवून जाऊ दोघं, मग घरी सोडतो. बस आहे म्हटलं. म्हणाले, बसमध्ये काय ठेवलंय, कधीतरी आमच्या गाडीतही बसा. परत नको म्हटलं. बस पकडली. आईला भाजी न्यायची राहिली.'

तिने या नोंदीखाली रेघ मारली नव्हती, उद्गारचिन्ह दिलं नव्हतं, तक्रारीच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात तर ही नोंद नव्हतीच. "त्या दिवशी काही झालं नाही ना," ती म्हणाली. तिच्या लेखी अपमान मीटिंगचा होता, रिपोर्टचा होता. आमच्या लेखी प्रकरणाचा कणा हा होता.

पण वहीत तसं दिसतं, एवढ्याने भागत नाही. वही ही तिची बाजू. पुरावा म्हणून तिचा खरा उपयोग असा की कोणता कागद कुठे शोधायचा हे ती सांगते. समितीला साक्षी बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. आम्ही आयटी विभागाकडून साप्ताहिक रिव्ह्यू मीटिंगच्या निमंत्रणाचा इतिहास मागवला. १० सप्टेंबरला सकाळी ९ वाजून काही मिनिटांनी विभागप्रमुखांच्या लॉगिनमधून निमंत्रितांच्या यादीतलं एकच नाव काढलेलं होतं. मेघनाचं. दोन्ही ट्रेनी मुलगे यादीत कायम होते. उत्तरात विभागप्रमुखांनी 'मीटिंगची रचना बदलली' असं लिहिलं होतं. बदललेल्या रचनेत एकाच माणसाची जागा का गेली, या प्रश्नाला त्यांनी आधी 'तिला लाइनवर जास्त वेळ हवा होता' असं उत्तर दिलं, आणि मग 'आठवत नाही' असं.

त्यांचा लेखी जबाब मात्र बांधेसूद होता. वकील या चौकशीत हजर राहू शकत नाही, पण जबाब कोणाला तरी दाखवून लिहिलेला कळत होता. त्यात तीन मुद्दे होते. एक, मी सगळ्यांशीच मोकळं बोलतो. दोन, प्रोबेशन वाढल्याचं पत्र तिला २८ जानेवारीला मिळालं, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार आली, म्हणजे ही वही त्या पत्रानंतर बसून लिहिलेली आहे. आणि तिसरा मुद्दा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. ११ ऑक्टोबरची नोंद अशी:

'११ ऑक्टोबर. डिस्पॅचसाठी सर रात्री दहानंतर आले. लाइनवर सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम रात्रपाळीला खूश असतात, दिवसा तोंड पाडून असतात. रात्री कोण भेटतं? दोघं हसले. काका हसले नाहीत.'

काका म्हणजे लाइनवरचे जुने इन्स्पेक्टर. ११ ऑक्टोबरला गुरुवार होता. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे त्या पट्ट्यात नोकरी केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. जबाबात लिहिलं होतं: 'सदर दिवशी प्लांट बंद होता. मी घरी होतो. तक्रारदाराने काल्पनिक प्रसंग काल्पनिक तारखेला घातला आहे. यावरून संपूर्ण डायरीची सत्यता लक्षात यावी.'

वाचून समितीत शांतता झाली. एका सदस्याने पट्ट्या गोळा करायलाही सुरुवात केली होती.

मेघनाला विचारलं तर तिला आधी काहीच सांगता येईना. सुट्टीच्या दिवशी प्रसंग कसा घडेल, हे तिलाही पटत होतं. प्रसंग मात्र घडलाय, यावर ती ठाम. अशा वेळी तक्रारदाराला घाईने तारीख 'दुरुस्त' करू द्यायची नसते. तिने दहा तारीख म्हणावं आणि आपण लिहून घ्यावं, एवढ्यावर आम्ही सोडलं असतं तर समोरच्याचा आक्षेप खराच ठरला असता. आम्ही तिला घरी पाठवलं आणि पंचिंगचा तक्ता मागवला.

त्या आठवड्यात तिची दुसरी पाळी होती, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. बुधवारी १० ऑक्टोबरला तिचा बाहेर पडण्याचा पंच ११ वाजून ५८ मिनिटांचा. बायकांना त्या पाळीत ठेवायचं तर कंपनीला घरपोच गाडी द्यावी लागते. त्या गाडीच्या लॉगबुकात तिला सोडल्याची वेळ १२ वाजून ४० मिनिटं, तिची सही. ती घरी पोचून वही उघडायची तेव्हा तारीख उलटलेली असायची, आणि ती उलटलेलीच तारीख लिहायची. हा नुसता तर्क राहू नये म्हणून दुसऱ्या पाळीतल्या इतर नोंदी तपासल्या. जुलैत तिने एकदा कॉम्प्रेसर बंद पडून लाइन थांबल्याचं लिहिलं होतं. मेंटेनन्सच्या ब्रेकडाउन स्लिपवर तो बिघाड आदल्या दिवशी रात्री साडेनऊचा होता. दुसऱ्या पाळीतली प्रत्येक नोंद एक दिवस पुढे होती, पहिल्या आणि जनरल पाळीतली एकही नव्हती.

मग विभागप्रमुखांचा स्वतःचा पंच पाहिला. १० ऑक्टोबर, आत रात्री १०.१२, बाहेर ११.३५. त्यांनी जबाबात गुरुवारी घरी असल्याचं लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. बुधवारबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

सगळी वही मागाहून लिहिली, या आरोपाला उत्तर २४ सप्टेंबरच्या नोंदीत होतं. त्यात अपमानाचं काही नव्हतंच: 'सीएमएम रूमचा एसी बंद. पारा २७. तीनपर्यंत मोजमाप थांबवलं, सर चिडले, मला म्हणाले तुझ्यामुळे उशीर.' अचूक मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, म्हणून एसी गेला की सीएमएम या अचूक मोजमापाच्या यंत्रावरचं काम थांबवावं लागतं. मेंटेनन्सच्या नोंदवहीत त्या दिवशी एसीचा बिघाड होता, दुरुस्ती २.५० ला. ती नोंदवही ट्रेनींच्या हाती येत नाही. फेब्रुवारीत बसून सप्टेंबरच्या एसीची वेळ कोणी कल्पनेने बरोबर लिहील, हे आम्हाला पटेना. पुराव्याच्या कायद्याचे बारीक नियम या समितीला जसेच्या तसे लागू नाहीत, पण त्यातलं एक जुनं तत्त्व इथे उपयोगी पडतं: घटना घडली त्याच सुमारास केलेली नोंद साक्षीदाराला आठवण ताजी करायला वापरता येते, आणि तिच्या आजच्या बोलण्याला आधार देते. 'त्याच सुमारास' हे सिद्ध करायला मेघनाच्या भाजीच्या, एसीच्या, कॉम्प्रेसरच्या निरुपयोगी ओळी कामी आल्या. तिने फक्त अपमानच टिपले असते तर हे जमलं नसतं.

वहीने दगा दिला तो दुसऱ्याच ठिकाणी. १९ नोव्हेंबर. इतर नोंदी निळ्या शाईत एका वळणाच्या, ही अक्षरं कागदात रुतलेली:

'आज फार घाण बोलले. लिहवत नाही. उद्या जाऊ नये असं वाटतं.'

एवढंच. कोण, कुठे, कोणासमोर, कोणते शब्द, काही नाही. तिच्या जबाबात हा प्रसंग सगळ्यात गंभीर म्हणून आला. पण तीन महिन्यांनंतर तिला शब्द सांगताना अडखळायला होत होतं. पहिल्या बैठकीत तिने एक वाक्य सांगितलं, दुसऱ्या बैठकीत त्याच अर्थाचं पण वेगळं. जागा आधी स्टोअर, मग स्टोअरच्या बाहेरचा पॅसेज. विभागप्रमुखांनी लेखी प्रश्नावलीतून यावर नेमका हल्ला केला, तो त्यांचा हक्क होता. तिथे कॅमेरा नव्हता, दुसरं माणूस नव्हतं, त्या दिवशी तिने कोणाला मेसेजही केला नव्हता. ज्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं, त्याच दिवशी नोंद सगळ्यात कच्ची झाली. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि त्यात मुलीचा दोष धरता येत नाही. घाण शब्द स्वतःच्या अक्षरात स्वतःच्या वहीत उतरवायला हात धजत नाही. आम्ही मात्र तो प्रसंग 'सिद्ध झाला नाही' असंच लिहिलं. सिद्ध न होणं म्हणजे खोटं असणं नव्हे, आणि पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी धरता येत नाही, हे कायद्याच्या चौदाव्या कलमातच आहे. तेही अहवालात लिहिलं.

याउलट दिवाळीआधीच्या ट्रॅडिशनल डेची, २ नोव्हेंबरची नोंद पाहा. 'नऊवारी. सर पंचिंग मशीनपाशी: एवढी नटून आलात, आज लाइनवर रिजेक्शन वाढणार. मग वर ते खाली पाहिलं. दोघं ट्रेनी होते. साडेआठ.' शब्द आहेत, जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत, आणि 'घाण' हा शब्द कुठेही नाही. दोन ट्रेनींपैकी एकाने काही ऐकलं नाही म्हणून सांगितलं. दुसरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रिजेक्शनचं बोलले होते सर. मी हसलो पण होतो." त्याच्या या एका वाक्याने नोंद उभी राहिली.

राहिली शेवटची नोंद, ९ जानेवारीची. केबिनमध्ये दोघंच. कन्फर्मेशनच्या फॉर्मवर 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा, प्रोबेशन तीन महिने वाढवण्याची शिफारस. मेघनाने कारण विचारलं. नोंद: 'म्हणाले, ऑडिटच्या दिवशी बसने गेलात ना, मग कन्फर्मेशनचंही बसवाल्यांनाच विचारा.' हे वाक्य तिने ४ वाजून ५० मिनिटांनी मैत्रिणीला मेसेज केलं होतं, प्रोबेशनचं पत्र मिळायच्या एकोणीस दिवस आधी. त्यामुळे 'पत्र आलं म्हणून गोष्ट रचली' हा मुद्दा तिथेच संपला. जुन्या इन्स्पेक्टर काकांनी साक्षीत सांगितलं की केबिनमधून बाहेर आल्यावर पोरगी सरळ गेज कॅलिब्रेशनला बसली, चहाला हाक मारली तर आली नाही. काकांना केबिनमधलं काही माहीत नव्हतं आणि त्यांनी माहीत असल्याचा आवही आणला नाही. असा साक्षीदार मिळणं भाग्याचं.

मुदतीच्या दृष्टीनेही ही नोंद मोलाची ठरली. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्याची गरजच पडली नाही. नुसता नऊवारीचा प्रसंग धरला असता तर २ फेब्रुवारीलाच मुदत संपली होती. ९ जानेवारीच्या वाक्यातल्या 'बस'ने तो प्रसंग, सप्टेंबरचं जेवणाचं आमंत्रण आणि वगळलेलं नाव एका मालिकेत गुंफलं. म्हणजे ती मालिका विभागप्रमुखांनी स्वतःच्या तोंडाने जोडून दिली होती.

चौकशी चालू असताना पहिल्याच आठवड्यात आम्ही एक अंतरिम शिफारस केली होती: तिच्या कामाचा अहवाल विभागप्रमुखांनी लिहायचा नाही, तो दुसऱ्या प्लांटच्या क्वालिटी प्रमुखांनी लिहावा. नियमांत ही तरतूद आहे आणि ती बाईला रजेवर पाठवण्यापेक्षा किंवा तिची बदली करण्यापेक्षा नेहमीच बरी. एचआरचा कल तिची बदली करण्याकडे होता. तिने नको म्हटलं, आम्हीही.

चौकशी ७४ दिवसांत आटोपली. कायद्याची मर्यादा ९० दिवसांची. अशा चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही, कोणत्या बाजूची शक्यता अधिक हे तोलायचं असतं. त्या तोलात चार प्रसंग सिद्ध धरले: ५ सप्टेंबर, १० ऑक्टोबर (वहीत ११), २ नोव्हेंबर आणि ९ जानेवारी. मीटिंगमधून नाव काढणं आणि प्रोबेशनचा शेरा हे त्यांचे परिणाम म्हणून सिद्ध. १९ नोव्हेंबर सिद्ध नाही. एका नोंदीत 'ते ग्राहकाला माझ्याबद्दल काहीतरी म्हणाले असावेत' असं होतं. ती ऐकीव म्हणून वगळली. शिफारशी अशा: लेखी माफी, लेखी ताकीद, एका वर्षाची वेतनवाढ रोखणं, समुपदेशन, आणि वाढवलेल्या प्रोबेशनचा निर्णय रद्द करून नव्या मूल्यमापनावर कन्फर्मेशन. मालकाने साठ दिवसांत अंमल करायचा असतो, तो झाला. विभागप्रमुखांना नव्वद दिवसांत अपील करता आलं असतं, त्यांनी केलं नाही. नव्या मूल्यमापनात मेघनाला बरे गुण होते, फार थोर नव्हेत, कन्फर्म झाली.

उरल्या चहा, रिपोर्ट, ओरडाआरडा यांच्या वीसेक नोंदी. यातल्या बऱ्याच सप्टेंबरच्या आधीच्या होत्या आणि लैंगिक स्वरूपाच्या नव्हत्या, म्हणून निष्कर्षात घेता आल्या नाहीत. मेघनाला हे पचायला जड गेलं. "पण मला जास्त त्रास त्यांचाच झाला," ती म्हणाली. खरं असेल. साक्ष देऊन झाल्यावर तो हसलेला ट्रेनीही दारात थबकून म्हणाला होता की सरांनी त्याला गावाकडच्या भाषेवरून लागल्यापासून हैराण केलंय, कोणासमोरही नक्कल करतात, त्याने कुठे जायचं. आमच्या समितीकडे पुरुषाला तक्रार करता येत नाही, आणि भाषेची नक्कल हा आमचा विषयही नाही. आम्ही त्या वीस नोंदींचा मजकूर आणि त्याच्या संमतीने त्याचं म्हणणं, दोन्ही वेगळ्या पत्राने व्यवस्थापनाला दिलं आणि सर्वसाधारण तक्रार निवारणाची काही वाट ठेवा असं सुचवलं. त्या पत्राची पोच मिळाली. पुढच्या वार्षिक बैठकीत मी विचारलं तेव्हा विषय 'विचाराधीन' होता, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता.